एक रुग्ण, एक जंतू, एक नोंद

अतिदक्षता विभागातला एक रुग्ण डोळ्यांपुढे आणू या. वय साठीच्या पुढचे, मेंदूत रक्तस्राव झालेला, श्वासासाठी व्हेंटिलेटर, लघवीसाठी कॅथेटर, औषधांसाठी मानेच्या शिरेत घातलेली नळी. ३ मार्चला ताप आला म्हणून लघवी कल्चरला गेली. तीत क्लेब्सिएला न्यूमोनिये हा जंतू वाढला आणि मेरोपेनेम या राखीव ताकदीच्या प्रतिजैविकापुढे तो मान टाकणारा निघाला. ११ मार्चला पुन्हा ताप आला. या वेळी रक्तात क्लेब्सिएला सापडला, पण तो मेरोपेनेमला जुमानेना. १३ ला पुन्हा रक्त, १५ ला श्वासनलिकेतला स्राव, १९ ला रक्त, २४ ला लघवी. दर वेळी तोच जंतू आणि तोच प्रतिरोध. महिनाअखेरीस सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या रजिस्टरमध्ये या एका माणसाच्या क्रमांकावर क्लेब्सिएलाच्या सहा नोंदी जमा झाल्या. एक संवेदनशील, पाच प्रतिरोधी.

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.डी. करणारी विद्यार्थिनी प्रबंधासाठी वर्षभराची आकडेवारी मांडायला बसते, तेव्हा हा रुग्ण तिच्यापुढे एक साधा दिसणारा प्रश्न ठेवतो. याला किती वेळा मोजायचे? सहाही नोंदी धरल्या तर मेरोपेनेमची संवेदनशीलता १७ टक्के येते. प्रत्येक प्रकारच्या नमुन्यातली, म्हणजे लघवी, रक्त आणि स्राव यांतली, पहिली नोंद धरली तर तिनांपैकी एक, ३३ टक्के. जंतूचा स्वभाव बदलला की नवी नोंद धरायची असे ठरवले तर दोहोंपैकी एक, ५० टक्के. आणि फक्त सर्वांत पहिली नोंद घेतली तर १०० टक्के. रुग्ण एकच, जंतूची जात एकच, रजिस्टर एकच. उत्तरे मात्र चार.

या चारांतले योग्य कोणते, हे ठरवण्यासाठी आधी अँटिबायोग्राम कशासाठी काढतात ते पाहावे लागते.

कल्चरच्या रिपोर्टला वेळ लागतो. नमुना आला की जंतू वाढायला साधारण एक दिवस जातो. मग वाढलेल्या जंतूचे ठरावीक दाटपणाचे द्रावण करून ते म्युलर-हिंटन आगर या माध्यमाच्या प्लेटवर पसरतात, त्यावर प्रतिजैविकांच्या कागदी चकत्या ठेवतात आणि प्लेट १६ ते १८ तास उबवणीयंत्रात ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेले जे स्वच्छ वर्तुळ दिसते त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात आणि तक्त्याशी ताडून एस, आय किंवा आर, म्हणजे संवेदनशील, मधला किंवा प्रतिरोधी, असा शेरा देतात. बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रमाणित केलेली ही पद्धत आजही भारतातल्या असंख्य प्रयोगशाळांचा कणा आहे. पण सेप्सिसने अत्यवस्थ झालेला रुग्ण दोन दिवस थांबू शकत नाही. पहिले औषध डॉक्टरांना अंदाजानेच सुरू करावे लागते. तो अंदाज आंधळा नसावा म्हणून त्या रुग्णालयातल्या जंतूंचा गेल्या वर्षाचा हिशेब एका तक्त्यात मांडलेला असतो. डावीकडे जंतूंची नावे, वर औषधांची नावे आणि प्रत्येक चौकटीत त्या औषधाला किती टक्के आयसोलेट संवेदनशील होते तो आकडा. आयसोलेट म्हणजे एका नमुन्यातून शुद्ध स्वरूपात वेगळा काढलेला जंतू. हाच तो अँटिबायोग्राम.

म्हणजे त्या चौकटीतला आकडा एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर असतो. उद्या एखाद्या नव्या रुग्णाला क्लेब्सिएलाचा संसर्ग झाला, तर त्याच्यावर मेरोपेनेम चालण्याची शक्यता किती? प्रश्न रुग्णांबद्दलचा आहे, तेव्हा मोजायचे तेही रुग्णच. एकाच माणसाचे सहा रिपोर्ट म्हणजे मतदार यादीत एकच नाव सहा पानांवर छापले जाण्यासारखे आहे.

पण कोणी असे म्हणेल, की वर्षभरात शेकडो नमुने येतात, थोड्या दुबार नोंदींनी काय बिघडणार? दुबार नोंदी सगळ्या रुग्णांत सारख्या वाटल्या गेल्या असत्या तर खरेच फारसे बिघडले नसते. पण त्या तशा वाटल्या जात नाहीत. साध्या मूत्रसंसर्गाचा रुग्ण एकदा लघवी देतो, गोळ्या घेतो, बरा होतो आणि परत येत नाही. ज्याचा जंतू औषधांना दाद देत नाही तो आठवडेच्या आठवडे वॉर्डात राहतो. त्याचा ताप उतरत नाही, म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा कल्चर पाठवतात. प्रतिरोधी जंतूच जास्त वेळा मोजला जातो आणि सगळी चूक एकाच बाजूला झुकते.

एक हिशेब करून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले, काल्पनिक आहेत. एका रुग्णालयात वर्षभरात १४० रुग्णांत क्लेब्सिएला सापडला. पहिल्या कल्चरमध्ये ८४ जणांचा जंतू मेरोपेनेमला संवेदनशील होता, ५६ जणांचा प्रतिरोधी. संवेदनशील गटाकडून वर्षभरात ९२ आयसोलेट आले, म्हणजे बहुतेकांचा एकेकच. प्रतिरोधी गटाकडून मात्र १०८ आले, म्हणजे दर माणशी जवळजवळ दोन. रजिस्टरमधल्या सगळ्या ओळी मोजल्या तर २०० पैकी ९२, म्हणजे ४६ टक्के संवेदनशीलता. दर रुग्णाची पहिलीच नोंद मोजली तर १४० पैकी ८४, म्हणजे ६० टक्के.

हा चौदा टक्क्यांचा फरक कागदावर राहत नाही. ४६ टक्के पाहिलेला डॉक्टर मेरोपेनेमवरचा विश्वास सोडून कोलिस्टिनसारख्या, मूत्रपिंडाला इजा करू शकणाऱ्या औषधाकडे पहिल्याच दिवशी वळेल. राखीव औषधांचा वापर वाढला की त्यांनाही प्रतिरोध वाढतो, आणि तो वाढवण्यात चुकीच्या मोजणीचा हात असतो.

यावरचा नियम अमेरिकेतल्या सीएलएसआय या मानक ठरवणाऱ्या संस्थेने घालून दिला आहे. तिच्या एम-३९ या मार्गदर्शक पुस्तिकेची पहिली मान्य आवृत्ती २००२ मध्ये आली, पाचवी २०२२ मध्ये. नियम एका वाक्यात सांगता येतो. विश्लेषणाच्या कालावधीत एका रुग्णातून आलेल्या एका जातीच्या जंतूचा फक्त पहिला आयसोलेट धरायचा. तो कुठल्या नमुन्यातून आला आणि त्याची संवेदनशीलता कशी होती, हे पाहायचे नाही. आपल्या रुग्णाची ३ मार्चची लघवीच तेवढी तक्त्यात जाईल. त्याच रुग्णात ई. कोलाय किंवा स्यूडोमोनासही सापडला असेल, तर त्या जातीचा पहिला आयसोलेट वेगळा धरायचा, कारण ती वेगळी ओळ आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ग्लास या निगराणी यंत्रणेचा नियम थोडा वेगळा आहे. तिथे दर रुग्ण, दर जात आणि दर प्रकारच्या नमुन्यामागे एक नोंद धरतात. रक्तातले संसर्ग आणि लघवीतले संसर्ग वेगवेगळे पाहायचे हा त्या यंत्रणेचा हेतूच असल्याने तो नियम तिथे योग्य आहे. फक्त प्रबंधात रक्ताचा तक्ता ग्लासच्या नियमाने, एकत्र तक्ता एम-३९ च्या नियमाने आणि चर्चेच्या प्रकरणात तुलना मात्र कुठलाच नियम न सांगणाऱ्या जुन्या लेखाशी, अशी सरमिसळ झाली की तुलनेला अर्थ राहत नाही. दुसऱ्यांचे आकडे आपल्यापेक्षा वाईट दिसले तर पहिली शंका त्यांच्या जंतूंविषयी न घेता मोजणीविषयी घ्यावी. ‘एकूण आयसोलेट’ आणि ‘एकूण रुग्ण’ असे दोन्ही आकडे त्या लेखात दिले आहेत का, हे पाहिले की बहुतेक वेळा उलगडा होतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. ११ मार्चला या रुग्णाच्या रक्तात मेरोपेनेमला दाद न देणारा क्लेब्सिएला आला, ही त्याच्यासाठी जिवावरची गोष्ट होती. पहिल्या नोंदीचा नियम ती तक्त्यातून गाळतो. मग प्रबंधाने ती लपवायची का? मुळीच नाही. पण ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. पहिल्या नोंदींचा तक्ता नव्या रुग्णासाठी असतो. दाखल होऊन, आठवडाभर औषधे घेऊन पुन्हा तापलेल्या रुग्णासाठी तो पुरेसा नाही. म्हणून चांगला प्रबंध पुढच्या आयसोलेटचा वेगळा, छोटा तक्ता देतो. किती रुग्णांत तीच जात पुन्हा सापडली, त्यांपैकी किती जणांत आधी संवेदनशील असलेला जंतू नंतर प्रतिरोधी निघाला, आणि मधे किती दिवस गेले होते. हा तक्ता आपल्याकडच्या प्रबंधांत फार क्वचित दिसतो. खरे तर रजिस्टरमधल्या ज्या ओळी विद्यार्थी अडचण म्हणून खोडून टाकतात, त्यांतच वॉर्डात प्रतिरोध कसा शिरतो याची हकिगत असते. ११ मार्चचा जंतू ३ मार्चच्याच जंतूने रूप बदलून झाला की शेजारच्या खाटेवरून आला, हे चकत्यांवरून कळत नाही. त्यासाठी जनुकीय तपासणी लागते. तेवढी मर्यादा लिहून टाकली की तक्ता निर्दोष उभा राहतो.

नियम सोपा असला तरी तो अमलात आणताना गाडी अडते ती रुग्णाच्या ओळखीपाशी. अनेक रुग्णालयांत दर भरतीला नवा आयपीडी क्रमांक मिळतो. जानेवारीत, एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये दाखल झालेला एकच मधुमेही रुग्ण कागदावर तीन माणसे होतो. संगणकाला आयपीडी क्रमांकावरून दुबार नोंदी शोधायला सांगितले तर तो यातली एकही पकडत नाही आणि कुठली सूचनाही देत नाही. फक्त रुग्णसंख्या फुगते. कायमचा यूएचआयडी क्रमांक असेल तर तोच वापरावा. नसेल तर नाव, वय, लिंग आणि पत्ता एकत्र ताडून पाहावे लागते, आणि हे काम डोळ्यांनीच करावे लागते, कारण एकच नाव एका चिठ्ठीवर एका तऱ्हेने आणि दुसऱ्या चिठ्ठीवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. ओळख पटवून झाली की प्रत्येक माणसाला अभ्यासापुरता नवा सांकेतिक क्रमांक द्यायचा आणि मास्टर चार्टमधून नावे काढून टाकायची. एथिक्स कमिटीची मान्यता याच अटीवर मिळते.

दुसरी अडचण जंतूंच्या नावांची. एका तंत्रज्ञाने पूर्ण नाव टाइप केलेले असते, दुसऱ्याने संक्षेप, तिसऱ्याच्या नावापुढे एक रिकामी जागा जास्त पडलेली असते. माणसाला ही तिन्ही एकच दिसतात, संगणकाला तीन वेगळ्या जाती. दुबार नोंदी शोधण्याआधी नावांची ही साफसफाई झाली नाही तर पुढचे सगळे व्यर्थ जाते.

मग प्रत्यक्ष गाळणी. व्हॉनेट हे मोफत सॉफ्टवेअर अशाच कामासाठी बनले आहे आणि त्यात पहिल्या आयसोलेटचा पर्याय तयार मिळतो. पण साध्या एक्सेलमध्येही हे होते. रुग्णाचा सांकेतिक क्रमांक पहिल्या स्तंभात, नमुना घेतल्याची तारीख दुसऱ्या, नमुन्याचा प्रकार तिसऱ्या आणि जंतूचे नाव चौथ्या स्तंभात आहे असे धरू. सगळा तक्ता आधी तारखेप्रमाणे जुन्याकडून नव्याकडे लावायचा. मग एका रिकाम्या स्तंभात दुसऱ्या ओळीपासून हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढायचे:

```
=COUNTIFS(A$2:A2,A2,D$2:D2,D2)
```

त्या रुग्णात तो जंतू कितव्यांदा आला, तो आकडा समोर येतो. १ असलेल्या ओळी अँटिबायोग्रामसाठी. २ आणि त्यापुढच्या ओळी मघाच्या छोट्या तक्त्यासाठी. या रीतीत काहीच पुसले जात नाही, म्हणून ती ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ या बटणापेक्षा बरी. अनेक वर्षांची माहिती एकत्र असेल तर वर्षाचा स्तंभ करून तीही अट सूत्रात घालायची, म्हणजे दर वर्षाची मोजणी नव्याने सुरू होते. तारखेप्रमाणे लावायला विसरले तर सूत्र तक्रार न करता चुकीच्या ओळीला ‘पहिली’ म्हणते. यावर उपाय एकच. सहा-सात नोंदी असलेले चार-पाच रुग्ण निवडायचे आणि त्यांची ओळन् ओळ रजिस्टरशी हाताने ताडून पाहायची.

गाळणीनंतर तक्ता भरताना आणखी काही चौकटी फसव्या निघतात. भरतीच्या वेळी केवळ तपासणी म्हणून घेतलेले नाकातले किंवा गुदद्वारातले स्वॉब अँटिबायोग्राममध्ये धरायचे नसतात, कारण ते संसर्गाचे नमुने नव्हेत. प्रतिरोधी जंतू अंगावर बाळगणाऱ्यांना शोधण्यासाठीच ते घेतलेले असतात. ‘आय’ शेरा मिळालेले आयसोलेट संवेदनशीलांत मिळवायचे नसतात. कोलिस्टिनसारख्या औषधाला तर सीएलएसआयने २०२० पासून संवेदनशील हा वर्गच ठेवलेला नाही, त्यामुळे त्या चौकटीत ‘९८ टक्के संवेदनशील’ असे लिहिलेले दिसले की परीक्षकाने थांबून विचारावे.

सर्वांत जास्त फसवते ती पायरीपायरीने केलेली चाचणी. समजा १०० ई. कोलायपैकी ६० सेफ्ट्रिॲक्सोनला संवेदनशील निघाले, म्हणून प्रयोगशाळेने पुढचे मेरोपेनेम फक्त उरलेल्या ४० वर तपासले. त्यांत ३० संवेदनशील. विद्यार्थी ४० पैकी ३०, म्हणजे ७५ टक्के लिहितो. पण न तपासलेले ६० जवळजवळ सगळेच मेरोपेनेमलाही दाद देणारे असणार. सगळ्यांवर चाचणी झाली असती तर आकडा नव्वदच्या आसपास गेला असता. म्हणून प्रत्येक चौकटीत टक्क्यांबरोबर किती आयसोलेट तपासले तो आकडा द्यावा. एकाच जंतूच्या ओळीत हा आकडा औषधागणिक बदलत असेल तर तिथे निवड झालेली आहे, हे वाचणाऱ्याला ताबडतोब कळते.

एम-३९ चा आणखी एक नियम तीसचा. एखाद्या जातीचे ३० पेक्षा कमी आयसोलेट असतील तर त्यांची टक्केवारी मांडू नये. वर्षात प्रोव्हिडेन्शियाचे नऊच आयसोलेट आले आणि त्यांपैकी सात ॲमिकासिनला संवेदनशील होते, तर ७८ टक्के हा आकडा भारदस्त दिसतो. संख्याशास्त्राने त्याची ९५ टक्के विश्वासाची मर्यादा काढली तर ती ४० ते ९७ येते, म्हणजे त्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. मघाच्या १४० पैकी ८४ या आकड्याची मर्यादा सुमारे ५२ ते ६८ आहे. तिच्यावर निदान उभे राहता येते. आयसोलेट कमी असतील तर दोन वर्षे एकत्र करावीत, किंवा टक्के न लिहिता ‘नवांपैकी सात’ असे सरळ लिहावे.

आता प्रवाह, म्हणजे वर्षागणिक प्रतिरोध वाढतो आहे की घटतो आहे. प्रबंधातला हा आलेख सर्वांना आवडतो आणि तोच सर्वांत सहज खोटे बोलतो. मोजपट्टी बदलली की आलेखही बदलतो, जंतू जागचा हलला नसला तरी.

सिप्रोफ्लॉक्सासिनचे उदाहरण घेऊ. ई. कोलायसाठी ५ मायक्रोग्रॅमच्या चकतीभोवती २१ मिलिमीटर किंवा जास्त वर्तुळ आले की तो संवेदनशील, असा सीएलएसआयचा निकष २०१८ पर्यंत होता. २०१९ मध्ये तो २६ मिलिमीटर झाला. २२ ते २५ हा मधला वर्ग, २१ आणि त्याखाली प्रतिरोधी. निकष कडक करण्यामागे औषधाचे रक्तातले प्रमाण आणि रुग्णांवरचा परिणाम यांचा अभ्यास होता, त्यामुळे बदल योग्यच. पण २३ मिलिमीटरचे वर्तुळ देणारा ई. कोलाय डिसेंबर २०१८ मध्ये संवेदनशील होता आणि नवा तक्ता भिंतीवर लागल्यापासून तो संवेदनशील उरला नाही. २०१७ ते २०२१ चा आलेख काढणाऱ्याला २०१९ मध्ये कडा कोसळल्यासारखी घसरण दिसते. चर्चेच्या प्रकरणात तो लिहितो की सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बेसुमार वापरामुळे प्रतिरोध झपाट्याने वाढला. वाक्य खरेही असू शकते. पण त्याचा पुरावा हा आलेख नव्हे.

अशी घसरण एका औषधात, एकाच वर्षी, सगळ्या वॉर्डांत एकदम दिसली तर संशय निकषावर घ्यावा. खरा प्रतिरोध सहसा असा एका जानेवारीत सर्वत्र उगवत नाही. उपाय असा की पाचही वर्षांची वर्तुळे एकाच आवृत्तीच्या तक्त्याने पुन्हा वाचायची. पण त्यासाठी रजिस्टरमध्ये मिलिमीटर लिहिलेले असले पाहिजेत. नुसते एस आणि आर लिहिलेले असतील तर ती माहिती कायमची गेली. स्वयंचलित यंत्रावर काम करणाऱ्यांनी एमआयसीचा, म्हणजे जंतूची वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेचा, आकडा जपून ठेवायचा. जुन्या वर्षांचे आकडे नसतीलच तर आलेखात २०१८ आणि २०१९ यांच्यामध्ये उभी रेघ मारून दोन्ही तुकडे वेगळे ठेवावेत आणि रेघ का मारली ते खाली लिहावे.

मोजपट्टी तीच राहिली तरी मोजली जाणारी माणसे बदलू शकतात. पुन्हा समजण्यापुरते आकडे घेऊ. साध्या वॉर्डातल्या आयसोलेटची संवेदनशीलता ८० टक्के आहे, अतिदक्षता विभागातल्यांची ४० टक्के. पहिल्या वर्षी वॉर्डातून १५० आणि अतिदक्षतेतून ५० आयसोलेट आले. संवेदनशील झाले १२० आणि २०, मिळून २०० पैकी १४०, म्हणजे ७० टक्के. दुसऱ्या वर्षी वॉर्डातून ८० आले आणि अतिदक्षतेतून १२०. संवेदनशील ६४ आणि ४८, मिळून ११२, म्हणजे ५६ टक्के. एका वर्षात चौदा टक्क्यांची घसरण! आणि तरीही वॉर्डातला प्रतिरोध तसूभर वाढलेला नाही, अतिदक्षतेतलाही नाही. बदलले ते फक्त रुग्णांचे मिश्रण. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, ठरवून करायच्या शस्त्रक्रिया थांबल्या, साधे रुग्ण घरी राहिले आणि अतिदक्षता विभाग भरून वाहिले. त्या वर्षांना मधे धरून काढलेला कुठलाही एकत्रित आलेख म्हणूनच वॉर्ड आणि अतिदक्षता असा फोडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. तपासायला सोपे आहे. दर वर्षीचे आयसोलेट कुठल्या विभागातून किती आले, याचा एक छोटा तक्ता आलेखाच्या आधी ठेवायचा.

उरतो योगायोगाचा प्रश्न. एका वर्षी १४० पैकी ८४, म्हणजे ६० टक्के, आणि पुढच्या वर्षी १३० पैकी ७०, म्हणजे ५४ टक्के संवेदनशील आले, तर घसरण दिसते खरी. पण एवढ्या संख्येत इतका फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो. काय-स्क्वेअर चाचणीत त्याचे पी मूल्य ०.३ च्या आसपास येते. शिवाय दोन बिंदूंतून रेघ नेहमीच जाते. तिला प्रवाह म्हणता येत नाही. किमान तीन, शक्यतो पाच वर्षांचे आकडे असतील तर प्रवाहासाठीची वेगळी काय-स्क्वेअर चाचणी, म्हणजे कॉक्रन-आर्मिटेज, वापरावी. एम.डी.च्या मुदतीत स्वतः नमुने जमवून एक-दीड वर्षाचीच माहिती हाती येते. तेवढ्यावर ‘वाढता प्रतिरोध’ असे शीर्षक देणाऱ्या सिनॉप्सिसला गाइडने तिथेच थांबवावे, किंवा जुन्या रजिस्टरमधली मागची वर्षे अभ्यासात घ्यायला सांगावे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे, प्रतिरोध निगराणी जाळे २०१३ पासून काम करते आणि त्याचे वार्षिक अहवाल सर्वांना पाहता येतात. आपल्या रुग्णालयाचे आकडे त्यांच्या शेजारी ठेवण्याचा मोह योग्यच आहे. पण ते जाळे बरेचसे मोठ्या, गुंतागुंतीचे रुग्ण जिथे पाठवले जातात अशा रुग्णालयांतून माहिती घेते. जिल्हा रुग्णालयातल्या प्रबंधाचे आकडे त्यापेक्षा बरे आले तर त्याचा अर्थ तिथले प्रतिजैविक धोरण यशस्वी झाले असा होत नाही; रुग्णच निराळे असतात.

या सगळ्याला प्रबंधात किती जागा लागते? पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद पुरतो. अभ्यासाचा कालावधी, कुठले नमुने घेतले आणि कुठले वगळले, रुग्णाची ओळख कुठल्या क्रमांकाने पटवली, दुबार नोंदींसाठी कोणता नियम लावला, कुठल्या वर्षाचे निकष सर्व वर्षांना लावले, ३० पेक्षा कमी आयसोलेटचे काय केले. त्याखाली एकच ओळ हवी, पण ती हवीच. आपल्या उदाहरणात ती अशी होईल: एकूण आयसोलेट २००, दुबार म्हणून वेगळे काढलेले ६०, विश्लेषणात १४०. ही ओळ नसेल तर परीक्षकाने तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच विचारावा.

आणि आज प्रयोगशाळेत प्लेट वाचणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. रिपोर्टवर एस किंवा आर जाऊ द्या, पण रजिस्टरमध्ये त्याच्या शेजारी मिलिमीटरचा आकडा आणि रुग्णाचा कायमचा क्रमांक आजपासून लिहून ठेवा. निकष पुन्हा बदलतील, आणि पाच वर्षांनी आलेख काढायला बसणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन आकड्यांवाचून काहीही करता येणार नाही.